जस्त काढलं तरी एन्झाइम चालूच: कार्बोनिक अनहायड्रेजच्या एका प्रॅक्टिकलचा अभ्यास

मध्य मुंबईतल्या एका कॉलेजात एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या वर्गाला मी कार्बोनिक अनहायड्रेजचं प्रॅक्टिकल घेते. मांडणी साधी आहे. गायीच्या लाल रक्तपेशींतून काढलेलं एन्झाइम घ्यायचं, त्यातलं जस्त काढून टाकायचं, ते बंद पडल्याचं दाखवायचं आणि जस्त परत घालून ते पुन्हा चालू करायचं. एका तुकडीच्या हातात मात्र जस्त काढलेलं एन्झाइमही चक्क काम करत होतं. मूळ एन्झाइमच्या तुलनेत निम्म्याला थोडी कमी, पण ठळक क्रियाशीलता उरली होती. जस्ताशिवाय हे एन्झाइम चालत नाही हे तर पुस्तकात छापलेलं आहे. मग ही क्रियाशीलता आली कुठून? तिचा माग काढताना जस्त नेमकं काय करतं हे त्या मुलांना जितकं स्पष्ट झालं, तितकं ठरल्याप्रमाणे आलेल्या निकालातून झालं नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मोजायचं कसं

कार्बन डायऑक्साइड पाण्याशी जुळला की बायकार्बोनेट आणि एक प्रोटॉन तयार होतो, आणि हीच क्रिया हे एन्झाइम वेगवान करतं. प्रोटॉन आला की पीएच उतरतो. विल्बर-अँडरसन पद्धतीत हाच उतार घड्याळ लावून मोजतात. २० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.३, सहा मिली घ्यायचं. त्यात ०.१ मिली एन्झाइमचं द्रावण टाकायचं. वरून बर्फात ठेवलेलं, कार्बन डायऑक्साइडने संपृक्त केलेलं चार मिली पाणी ओतायचं आणि पीएच ८.३ वरून ६.३ वर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. एन्झाइम नसलेल्या रिकाम्या नळीचा वेळ वेगळा मोजतात. रिकाम्या नळीच्या वेळातून एन्झाइमचा वेळ वजा करून त्याला एन्झाइमच्या वेळाने भागलं की युनिट मिळतात.

हे सगळं बर्फात करण्याला ठोस कारण आहे. २५ अंशांना कार्बन डायऑक्साइड एन्झाइमशिवायसुद्धा पाण्याशी बऱ्यापैकी जुळतो. त्याचा दरस्थिरांक सेकंदाला ०.०३७ च्या आसपास आहे, म्हणजे साधारण १९ सेकंदांत अर्धा वायू संपतो. शून्य अंशाला हाच स्थिरांक ०.००२ च्या घरात येतो आणि अर्ध्यासाठी जवळपास सहा मिनिटं लागतात. एन्झाइमविना चालणारी क्रिया अशी मंदावली तरच एन्झाइमचा वेग वेगळा दिसतो. मुंबईत मे महिन्यात लॅबचं तापमान ३२ अंशांवर असतं. बीकरभोवतीचा बर्फ वितळून नुसतं पाणी झालं की रिकाम्या नळीचा वेळ हळूहळू घसरत जातो. म्हणून रिकामी नळी सुरुवातीला एकदा आणि शेवटी पुन्हा एकदा मोजायची, हा आमच्याकडे नियम आहे. दोन्ही वेळा जुळल्या नाहीत तर मधले सगळे आकडे बाद.

त्या दिवशी दोन्ही वेळा ७२ सेकंद आले. मूळ एन्झाइमला १८ सेकंद लागले, म्हणजे बरोबर ३ युनिट. नुसतं झिंक सल्फेट टाकलेल्या नळीला ७१ सेकंद लागले, म्हणजे परिणाम शून्य. आणि जस्त काढलेल्या एन्झाइमला लागले ३१ सेकंद, म्हणजे १.३ युनिट, मूळच्या ४४ टक्के.

"मॅडम, झिंक पूर्ण निघालंच नसेल," एक विद्यार्थिनी म्हणाली.

पहिला संशय तिकडेच जाणार आणि तो रास्तही होता. जस्त काढण्यासाठी आम्ही डायपिकोलिनिक आम्ल वापरतो. फक्त लहान रेणू आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत एन्झाइम भरून ते या आम्लाच्या द्रावणात डायलिसिसला ठेवायचं आणि मग ते आम्ल धुऊन काढण्यासाठी साध्या बफरमध्ये पुन्हा डायलिसिस करायचं. धातू पकडायला नेहमी वापरलं जाणारं ईडीटीए इथे का नाही, हे आधी सांगायला हवं, कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. या एन्झाइमचं जस्त एका शंकूसारख्या खोल खळग्याच्या तळाशी, पृष्ठभागापासून सुमारे १५ अँगस्ट्रॉम आत बसलेलं असतं. ईडीटीएचा रेणू मोठा आहे. तो तळापर्यंत पोचून जस्ताला धरू शकत नाही. जस्त आपणहून सुटण्याची वाट बघत तो बाहेर थांबतो, आणि जस्त आपणहून सुटायला महिने लागतात. डायपिकोलिनेट लहान आणि चपटा. तो आत शिरतो, जस्ताला तिथेच पकडतो आणि सोबत घेऊन बाहेर पडतो.

वेळ बघितली, तेव्हा धागा सापडला

डायलिसिस अपुरं राहिलं असतं तर उरलेली क्रियाशीलता नळी कितीही वेळ ठेवली तरी तेवढीच राहायला हवी. हे तपासायला मुलांनी जस्त काढलेल्या एन्झाइमचं दाट द्रावण पुन्हा नव्याने पातळ केलं आणि लगेच मोजलं. ६२ सेकंद! जवळजवळ बंदच. तीच पातळ केलेली नळी बर्फात ठेवून दहा मिनिटांनी मोजली तर ४५ सेकंद, तासाभराने ३१. पातळ केल्यानंतर एन्झाइम आपोआप जिवंत होत होतं.

याचा अर्थ एकच. जस्त पातळ करायच्या बफरमधून येत होतं आणि एन्झाइम ते गोळा करत होतं.

आता किती जस्त लागेल याचा हिशेब करू. पातळ केलेल्या नळीत एन्झाइम मिलीला १५ मायक्रोग्रॅम होतं. त्याचं रेणुभारमान सुमारे २९,००० आहे, म्हणजे हे साधारण ०.५ मायक्रोमोलर झालं. त्यातलं ४४ टक्के जागं व्हायला ०.२२ मायक्रोमोलर जस्त पुरे, म्हणजे एका लिटर पाण्यात जेमतेम १४ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने हा आकडा नगण्य आहे. या एन्झाइमला मात्र तो भरपूर आहे, कारण त्याची जस्तावरची पकड पिकोमोलरच्या पातळीची आहे. आजूबाजूला जे काही जस्त असेल ते ओढून घ्यायचं आणि मग सोडायचं नाही, असा त्याचा स्वभाव.

दोन चाचण्यांनी हे पक्कं झालं. पहिली ईडीटीएची. पातळ करायच्या बफरमध्ये आधीच ०.१ मिलिमोलर ईडीटीए घातलं आणि मग त्यात जस्त काढलेलं एन्झाइम पातळ केलं, तर तासाभरानंतरही ६९ सेकंद. बफरमधलं मोकळं जस्त ईडीटीएने आधीच धरलं होतं. मूळ एन्झाइमला त्याच बफरमध्ये १८ सेकंदच लागले, म्हणजे ईडीटीए एन्झाइमला त्रास देत नाही. आणि तासभर उभी राहून ३१ सेकंदांवर आलेली जी नळी होती, तिच्यात नंतर ईडीटीए टाकलं तर काहीच बदललं नाही. जस्त एकदा खळग्यात बसलं की ईडीटीए उशीरा येऊन उपयोग नाही. क्रम बदलला की निकाल बदलतो, आणि हा फरक मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

दुसरी चाचणी अ‍ॅसिटाझोलामाइडची. काचबिंदूवर दिलं जाणारं हे औषध याच एन्झाइमला थोपवतं. त्याच्या सल्फोनामाइड गटातला नायट्रोजन प्रोटॉन गमावून थेट जस्ताला चिकटतो आणि तिथल्या पाण्याला हुसकावतो. ३१ सेकंदांच्या नळीत ते मायक्रोमोलरच्या आसपास टाकताच वेळ रिकाम्या नळीच्या बरोबरीला गेला. म्हणजे उरलेली क्रियाशीलता जस्तवाल्या एन्झाइमचीच होती, भेसळीतल्या दुसऱ्या कशाची नव्हे.

जस्त आलं कुठून, ते शोधायला डिथिझोन वापरलं. या हिरव्या रंगद्रव्याचं सेंद्रिय द्रावण पाण्यासोबत हलवलं आणि पाण्यात जस्त असलं की ते गुलाबी होतं. ऊर्ध्वपातित पाणी थेट यंत्रातून घेतलं तर रंग हिरवाच राहिला. तेच पाणी टेबलावरच्या मोठ्या कॅनमधून, खालच्या रबरी नळीतून घेतलं तर गुलाबी झालं. रबर पक्कं करताना त्यात झिंक ऑक्साइड घालतात आणि तेच थोडं थोडं पाण्यात उतरत होतं. ड्रॉपरच्या रबरी फुग्याचंही तसंच. मग सौम्य नायट्रिक आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या, रबर पूर्ण हद्दपार केलं आणि बफर धातू शोषणाऱ्या रेझिनमधून गाळून घेतला. आता जस्त काढलेलं एन्झाइम तासभर उभं राहिलं तरी ७० च्या आसपासच राहिलं. त्यात हिशेबाने जस्त घातल्यावर १९ सेकंद.

मग जस्त करतं काय

आता गाभ्याचा प्रश्न. झिंक सल्फेट एकटं काहीच करत नाही, एन्झाइमचं प्रथिन एकटं काहीच करत नाही, आणि दोन्ही एकत्र आले की एका रेणूकडून सेकंदाला दहा लाखांच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे रेणू बदलले जातात. असं का?

कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन ऋणभाराच्या शोधात असतो, पण साधं पाणी त्याच्यावर फार हळू हल्ला करतं. हल्ला करायला खरा समर्थ आहे तो हायड्रॉक्साइड. अडचण अशी, की पीएच ७ च्या पाण्यात हायड्रॉक्साइड लिटरला एका मोलचा एक कोटीवा भाग इतकंच असतं, आणि पाणी मात्र लिटरला ५५ मोल. म्हणजे हल्ला करणारा आहे, पण जवळजवळ सापडतच नाही.

जस्त ही टंचाई दूर करतं. एन्झाइममध्ये जस्ताला हिस्टिडीन ही तीन अमिनो आम्लं धरून ठेवतात, प्रथिनाच्या साखळीतली क्रमांक ९४, ९६ आणि ११९. चौथ्या जागी पाण्याचा एक रेणू असतो. जस्तावर दोन धनभार आहेत. तो या पाण्याच्या ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे पाण्याला आपला एक प्रोटॉन सोडणं सोपं जातं. ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बसलेले असतात त्याला पीकेए म्हणतात, आणि मोकळ्या पाण्याचा पीकेए १४ च्या वर आहे. या जस्ताला चिकटलेल्या पाण्याचा पीकेए सुमारे ७ आहे. म्हणजे पीएच ७ ला एन्झाइमच्या निम्म्या रेणूंमध्ये हायड्रॉक्साइड तयार बसलेलं असतं, आणि आमच्या ८.३ च्या नळीत ९५ टक्क्यांमध्ये.

"पण मग झिंक सल्फेटमधल्या झिंकलाही पाणी चिकटलेलं असतंच ना, मॅडम?" हा प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. असतंच, आणि एकाऐवजी सहा रेणू असतात. जस्ताची ओढ सहा जणांत वाटली जाते आणि पीकेए ९ च्या आसपास राहतो. एन्झाइममध्ये तीन जागा हिस्टिडीनने घेतल्या आहेत. त्यांच्यावर स्वतःचा ऋणभार नाही, त्यामुळे जस्ताचा धनभार बराचसा शाबूत राहतो, आणि तो एकाच पाण्यावर काम करतो.

तरी नुसता पीकेए ७ वर आणला म्हणजे काम झालं असं नाही. प्रयोगशाळेत तीन नायट्रोजनचं एक कडं बनवून त्यात जस्त बसवलेलं आहे. त्याच्या पाण्याचा पीकेए ७.३ च्या आसपास येतो. ते कार्बन डायऑक्साइड जुळवतंही, पण त्याचा दरस्थिरांक काही शेकड्यांत आहे. एन्झाइमचा दहा कोटींच्या वर. उरलेला फरक खळगा भरून काढतो. जस्ताच्या शेजारी पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा एक कोपरा आहे, व्हॅलीन १२१ आणि १४३, ल्युसीन १९८, ट्रिप्टोफॅन २०९ यांचा. कार्बन डायऑक्साइड तिथे सैलपणे टेकतो. तो जस्ताला चिकटत नाही, ही गोष्ट नेमकी लक्षात ठेवावी, कारण बहुतेक मुलं उत्तरपत्रिकेत जस्त कार्बन डायऑक्साइडला पकडतं असं लिहितात. थ्रिओनीन १९९ हायड्रॉक्साइडचा हायड्रोजन एका बंधाने धरून त्याचं तोंड कार्बनकडे वळवतं. हल्ला होतो, बायकार्बोनेट बनतं, नवं पाणी त्याला बाजूला सारून जस्तावर बसतं.

जस्ताच्या जागी दुसरा धातू घातला तर काय होतं, हेही त्याच बाटल्यांत बघून घेतलं. कोबाल्ट घातल्यावर २८ सेकंद, म्हणजे मूळच्या निम्मी क्रियाशीलता. तांबं घातल्यावर ७०, म्हणजे काहीच नाही. तांबं या खळग्यात जस्तापेक्षाही घट्ट बसतं. त्या नळीत नंतर जस्त घातलं तरी ती जागी झाली नाही. घट्ट धरणं हे इथे पुरेसं नाही. धातूने पाण्याला योग्य भूमितीत, योग्य जोराने ओढायला हवं आणि बायकार्बोनेट तयार झाल्यावर ते सहज सोडायलाही हवं. कोबाल्टला ते बऱ्यापैकी जमतं, तांब्याला नाही.

आमच्या पद्धतीत न दिसणारं पाऊल

नवं पाणी जस्तावर बसलं की चक्र पूर्ण झालं असं वाटतं, पण ते पाणी अजून पाणीच आहे. त्याने प्रोटॉन सोडल्याशिवाय पुढचा हल्ला होणार नाही, आणि सगळा वेळ इथेच जातो. गणित असं: पीकेए ७ असलेलं आम्ल नुसत्या पाण्याला प्रोटॉन देऊ लागलं तर त्याला सेकंदाला जास्तीत जास्त हजार ते दहा हजार वेळाच देता येईल. एन्झाइम तर दहा लाख फेऱ्या मारतं. म्हणजे प्रोटॉन दुसऱ्या कोणी तरी उचलून न्यायला हवा.

ते काम हिस्टिडीन ६४ करतं. ते जस्तापासून सुमारे ७.५ अँगस्ट्रॉम दूर, खळग्याच्या तोंडाकडे आहे. इतक्या अंतरावरून ते थेट प्रोटॉन घेऊ शकत नाही. मधल्या पाण्याच्या रेणूंच्या साखळीतून प्रोटॉन त्याच्यापर्यंत येतो, मग ते वळून तो बाहेरच्या बफरला देतं. बफर नसेल किंवा फार थोडं असेल तर हिस्टिडीन ६४ भरलेलं राहतं आणि एन्झाइम खोळंबतं.

हे आमच्या प्रॅक्टिकलमध्ये दाखवता येत नाही, आणि तसं मुलांना आधीच सांगावं लागतं. विल्बर-अँडरसनच्या नळीत ट्रिस हाच आम्ल मोजायचा आधार आहे. ओतल्यावर तो १२ मिलिमोलर उरतो. तो कमी केला तर पीएच उतरायला कमीच प्रोटॉन लागतात, वेळ आपोआप घटतो, आणि एन्झाइम वेगवान झाल्याचा भास होतो. त्यामुळे बफर कमी करून या पावलाची गती बघायचा मोह टाळावा. त्यासाठी मिलिसेकंदांत मिसळणारं यंत्र हवं किंवा ऑक्सिजन-१८ च्या अदलाबदलीची मोजणी.

त्या मार्गाने १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मानवी एन्झाइममधलं हिस्टिडीन ६४ बदलून त्या जागी अ‍ॅलानीन घातलं, ज्याला प्रोटॉन उचलता येत नाही. कमाल वेग १० ते ५० पटींनी पडला. द्रावणात इमिडॅझोल घातल्यावर, म्हणजे हिस्टिडीनचंच प्रोटॉन उचलणारं टोक सुटं पुरवल्यावर, वेग बराचसा परत आला. आणि कार्बन डायऑक्साइड कमी असतानाचा दर, जो फक्त जस्तावरच्या हायड्रॉक्साइडच्या हल्ल्यावर अवलंबून असतो, तो या बदलाने जवळजवळ हललाच नाही.